तेजस्वीचे सहा तास

१२ जानेवारी २०२५, रविवार. सुलभाताईंच्या मुलाने, गुरूने, मालगुंडच्या बहिणीला बायकोला न विचारता फोनवर परस्पर सांगून टाकले, "तुझ्या होमस्टेची बुकिंग तेजस्वी बघेल. शनिवार-रविवार रिकामीच असते."

सुलभाताईंनी डायरी मिटली. सूनबाईला बँकेतल्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता. "तू काय, दिवसभर रिकामीच" हे त्यांनीही नवऱ्याकडून जन्मभर ऐकले होते. ते उट्टे आता मुलावर निघणार होते. आठवडाभर त्यांनी नवरा-बायको दोघांचेही तास टिपले. पुढच्या रविवारी मालगुंडची लेक जेवायला आली, तेव्हा पानावरच विषय काढला.

"आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. तेजस्वीची झोप एकोणपन्नास, बँक आणि जाणे-येणे चौपन्न, घरकाम अठ्ठावीस, मुलीचे सतरा, स्वतःचे जेवण-आंघोळ अकरा. उरले नऊ. ताप, पाहुणे यांसाठी तीन राखले, की खरे मोकळे सहा. ते अभ्यासाचे."

"आणि माझे?" गुरू हसला.

"तुझे तेहतीस. त्यात कॅरम आला."

"मग दादा, बुकिंग तूच बघ हो," बहिणीने फोन पुढे सरकवला. सुलभाताईंनी आणखी एक मोदक मागून घेतला.

त्या रात्री त्यांनी डायरीत लिहिले: भांडी गुरूने घासली. एक कप फुटला.