कांदा तोच, पेशी त्याच

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला आमच्या लोणावळ्याच्या कॉलेजात लग्नघराची कळा येते. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी चिक्कीचे बॉक्स आधी येतात, उपकरणांवरची धूळ नंतर निघते. त्या वर्षी धूळ पुसतानाच मियॉसिसची, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची, स्लाइड फुटली. कांद्याच्या फुलाच्या कळीची, परागकोशातल्या पेशींची, आमच्याकडे होती ती एकच.

विभागप्रमुख डगमगले नाहीत. त्यांनी कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड घेतली, मियॉसिसच्या मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि हात झटकले.

"सर, मुळाच्या टोकाला साधं विभाजन, मायटोसिस होतं. तिथे मियॉसिस होतच नाही," मी म्हटलं.

"कांदा तोच, पेशी त्याच. मुलं कुठे आत बघतात, मॅडम?"

दुर्दैवाने ते खरं होतं. कुठल्या टेबलावर काय ठेवतात हे मुलं आदल्या बॅचकडून पाठ करून येतात. डोळा आयपीसला लावायचा तो परीक्षकांच्या समाधानासाठी. आमच्याकडे ज्ञान मायटोसिसनेच वाढतं: एका पेशीच्या दोन, दोन्ही हुबेहूब, चुकांसकट.

त्या बॅचमध्ये आंदर मावळातली एक मुलगी होती. पहाटेची एसटी, मग लोकल, असं करत यायची. तिला कृषी पदवीला जायचं होतं. घरातून तेवढ्यासाठीच परवानगी होती आणि तीही मार्क पडले तर. एकेका मार्काला ती जपायची. तिने त्या टेबलाशी डोळा लावला, स्क्रू फिरवला, पुन्हा लावला आणि उत्तर लिहिलं: मायटोसिस, मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत आलेली अवस्था.

बाकी सगळ्यांनी मियॉसिस लिहिलं. परीक्षकांनी कॉलेजच्या उत्तरांशी ताडून तिच्या पेपरवर लाल फुली मारली आणि तोंडी परीक्षेला बोलावलं.

"बाळ, घाई झाली का? बदल हवं तर. मी खिडकीबाहेर बघतो." माणूस दयाळू होता. अशा दयेचा मला फार राग येतो.

"घाई न्हाई सर. दोनदा बघितलं. मियॉसिसमदी आधी गुणसूत्रांच्या जोड्या लागत्यात, मग त्या जोड्याच मधी येत्यात. हितं समदी सुटी सुटी रांगेत हायेत."

विभागप्रमुखांना एकदम खोकला आला.

"बरं, जोड्या लागून होतं काय?" परीक्षकांनी विचारलं.

"तुकड्यांची अदलाबदल. क्रॉसिंग ओव्हर."

"आणि ती नसती झाली तर? कुठल्या जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठल्या पेशीत जाईल, यानेही वेगळेपण येतंच की."

"येतं की सर. पर एका गुणसूत्रावरचं समदं एकगठ्ठा जातं. समजा, एका भाताला वास हाय पर ते लोळतंय, शेतात आडवं पडतंय. दुसरं बिनवासाचं पर ताठ. दोन्हीचा संकर केला, आन् वास नि लोळणं एकाच गुणसूत्रावर असलं, तर अदलाबदलीबिगर वास घेतला की लोळणं बी गळ्यात. तुकडं बदललं तरच कवातरी वासाचं ताठ भात निघंल."

घाबरली की ती पुस्तकी मराठी विसरायची. मी वर्गात या मुद्द्यावर फळा भरून आकृत्या काढल्या होत्या. त्यात भात नव्हता. मला इतका आनंद झाला की टाळी वाजवायचीच काय ती बाकी राहिली.

आता परीक्षक उठले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मायक्रोस्कोपात डोकावले. बराच वेळ डोकावत राहिले. मग चष्मा पुसला, विभागप्रमुखांकडे पाहिलं आणि चहा मागवला. मी म्हटलं, "सर, उत्तर दुरुस्त करून सगळे पेपर पुन्हा तपासू या." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच स्लाइड फोडली होती.

चहा संपता संपता तोडगा निघाला. मुलांचं नुकसान नको, कॉलेजचं नाव नको जायला. मायटोसिस लिहिणारीला पूर्ण मार्क, मियॉसिस लिहिणाऱ्यांनाही पूर्ण मार्क. निसर्गाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते आमच्या प्रयोगशाळेत जमलं: मूळही तेच आणि कळीही तीच. परीक्षकांनी सही केली, चिक्कीचे बॉक्स उचलले आणि रिक्षात बसले.

मी बाहेर जाऊन तिला म्हटलं, "तुझे मार्क वाचले."

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे माझंच बरोबर व्हतं ना?"

"हो."

"मग बाकीच्यांचं गेलं का?"

मी सांगितलं, सगळ्यांना मिळाले.

ती हिशेब लागत नसल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. "मग मॅडम, मी आत बघितलं कशाला?"

मी काहीतरी बोलले. कृषी कॉलेजात उपयोग होईल, असलं काहीतरी. तिने मान हलवली आणि लोकल चुकेल म्हणून निघाली. मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. आत येऊन मी मायक्रोस्कोपखालून ती स्लाइड काढली आणि विभागप्रमुखांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकली.