भावोजींना हवा होता शांत किल्ला

सुट्टी लागली की मुंबईचे पाहुणे मुरूडला आमच्या घरी येऊन पडायचे आणि त्यांना जंजिरा दाखवायचं काम माझ्या गळ्यात यायचं. राजपुरीहून शिडाच्या होडीत माणसं कोंबून नेत. किल्ल्यात केळ्यांच्या साली, मुताचा वास आणि तटावर कोळशाने लिहिलेली नावंच नावं. शिसारी यायची. त्या वर्षी भावोजींनाही आली. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काय घाणेरडे लोक हे! असाच दुसरा किल्ला नाही का, शांत?"

होता. मुरूडसमोरच समुद्रात पद्मदुर्ग होता, पण तिकडे कुणी फिरकत नसे. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कोळ्याने भरती-ओहोटी बघून आम्हाला आपल्या होडीतून नेलं. उतरल्यावर त्याने आधी तिथल्या देवीपुढे नारळ फोडला. किल्ल्यात चिटपाखरूही नव्हतं. खाऱ्या पाण्याने तटाचे दगड खोल झिजले होते, पण त्यांच्यामधला चुना तसाच उभा होता. भावोजी बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, चला, एकाला तरी कदर आहे.

मग त्यांनी खिशातून चाकू काढला.

"बघ," ते खूश होऊन म्हणाले, "इथे अजून कुणाचंच नाव नाही."