वऱ्हाड कोणी जिंकलं?

आर्णीच्या एका खाजगी शाळेत २००६ साली इतिहासाची एक जागा निघाली आणि उमेदवारांची रांग लागली. कापसाने ज्यांचं घर बुडवलं होतं, त्यांची शिकलेली पोरं दुसरं काय करणार? त्या रांगेत रुपाली होती. एम.ए., बी.एड. होऊन सात वर्षं शिकवणी वर्गांत घासलेली. ही नोकरी मिळाली नाही तर पुढच्या जाहिरातीपर्यंत वयाची अट ओलांडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षा साधी होती. इंग्रजी पुस्तकातला एक उतारा मिळायचा, तो नववीच्या मुलांसाठी मराठीत लिहून शिकवायचा. उतारा म्हणजे पानभर पसरलेलं एकच वाक्य. रुपालीने आधी सनावळी आणि संज्ञांखाली रेघा ओढल्या, मग वाक्याचे तुकडे केले.

‘१८५३ साली निजामाने कंपनीशी तह केला. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च थकला होता. तो भागवायला वऱ्हाडाचा कारभार आणि महसूल कंपनीकडे सोपवला. सार्वभौमत्व, म्हणजे मुलखावरचा अखेरचा हक्क, निजामाकडेच राहिलं. १९०२ साली हाच मुलूख इंग्रज सरकारला कायमच्या भाडेपट्ट्याने दिला.’

तिने शिकवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरांनीही सन आणि अर्थ धडाधड सांगितले. तिला वाटलं, जमलं!

संस्थाचालक सदाशिवराव मात्र खुर्चीत हलले. “मॅडम, हे तं लेकरांलेही समजून राह्यलं. यात विद्वत्ता कुठी हाय?”

लेकरांना समजावं म्हणूनच तर वर्ग होता. पण हे त्यांना कोण सांगणार? मग पुढचा उमेदवार, त्यांचाच भाचेजावई अमर, उभा राहिला. ‘उक्त प्रदेशाच्या हस्तांतरणोत्तर प्रशासकीय संक्रमणात’ असं काहीसं तो बोलत सुटला. पोरं जांभया देत राहिली आणि निवड समिती माना डोलवत राहिली. नोकरी त्यालाच मिळाली. रुपालीला तेव्हा रडू आलं नाही, चीड आली.

तिचा कागद शाळेनेच ठेवून घेतला होता. चार महिन्यांनी त्याच शाळेत नववीत शिकणारी तिची भाची, वैष्णवी, सहामाहीची उत्तरपत्रिका घेऊन रडत आली. सोबत अमरसरांच्या नोट्सची झेरॉक्स होती. मूळ वाक्यं रुपालीचीच, वर नाव अमरचं. सोप्यात आणखी सोपं म्हणून त्याने तह, कंटिन्जंट, सार्वभौमत्व, १९०२ सगळं छाटलं आणि ‘सोपवला’चं ‘जिंकलं’ केलं होतं. उरलं ते असं: ‘१८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाड जिंकलं.’

वैष्णवीने मावशीने घरी शिकवलं तसं लिहिलं होतं. ‘सोपवलं’ या शब्दावर लाल फुली होती आणि समोर शून्य.

“मावशी, सर म्हणे नोट्समधलंच लिहा. मी वार्षिकला काय लिहू?”

रुपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेत जाऊन भांडावं तर फळ या पोरीलाच भोगावं लागलं असतं.

“जिंकलं लिही.”

“पण ते खोटं हाय ना?”

“हो,” रुपाली म्हणाली. “आता पाठ कर.”