नोटिशीतली रिकामी जागा

आमची कंपनी घरघंट्या बनवते. घरात दळण करायची, कपाटाएवढी चक्की. कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, आणि तक्रारींचं चॅट सांभाळणारं आमचं टेबल वरच्या मजल्यावर. टेबलावर आम्ही दोघी: मी, आणि माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान एक सहकारी, जिचा टायपिंगचा वेग आणि तोंडाचा वेग सारखाच आहे.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, गावाला जाताना बंद करायच्या नळांची, लग्नात भेटायचं राहिलेल्या नातेवाइकांची. त्यामुळे चॅटवर दर आठवड्याला कोणीतरी ‘आता माझ्या वकिलाकडून कळेल’ असं लिहायला लागलं, तेव्हा मी त्याचीही यादी केली. एका वहीत दोन रकाने. डावीकडे ‘फुसकी’, उजवीकडे ‘खरी’.

फुसकीची लक्षणं: सगळी अक्षरं मोठी, एकाच वाक्यात हायकोर्ट आणि टीव्हीवाले, ‘माझी ओळख कुठपर्यंत आहे तुम्हाला माहीत नाही’, आणि नेमकं काय हवंय ते कुठेच नाही. खरीची लक्षणं: बिलाचा नंबर, तारखा, फोटो, मागणी एकच आणि तिला मुदत. खरी धमकी देणारा माणूस बहुधा चिडलेला नसतो. त्याची चीड संपून कागद सुरू झालेला असतो.

उजव्या रकान्यातल्यांचं चॅट त्याच दिवशी कंपनीच्या वकीलसाहेबांकडे जायचं. डावीकडच्यांना ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे तयार उत्तर, आणि मेकॅनिक सवडीने. वर्षभर ही यादी छान चालली. मला तिचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता, हे कबूल करते.

मग निफाडजवळच्या एका गावातून एका बाईंचा मेसेज आला. मराठीच, पण इंग्रजी मोठ्या अक्षरांत. कोर्टात खेचते, सुप्रीम कोर्टापर्यंत जाते, माझा भाऊ वकील आहे, आता त्याच्याकडूनच कळेल तुम्हाला. सहकारीण म्हणाली, “मॅडम, ह्या थेट सुप्रीम कोर्टात. मधे निफाडला उतरतसुद्धा नाहीत.” आम्ही हसलो. मी डावीकडे नोंद केली आणि तयार उत्तर पाठवलं. पुढचे तीन दिवस त्या रोज भांडत राहिल्या आणि त्यांना रोज तेच उत्तर जात राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्याच चॅटवर एक वेगळाच मेसेज आला. शुद्ध देवनागरी, पूर्णविरामांसकट. ‘बिलावर फक्त विक्रेत्याचा पत्ता आहे. कृपया उत्पादक कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कळवावा.’

मी चहाचा कप खाली ठेवला. बाई त्याच होत्या, पण मोबाइल दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होता. आणि नोंदणीकृत पत्ता सहज म्हणून कोणी विचारत नाही. तो लागतो पाकिटावर घालायला.

सहकारिणीचं म्हणणं होतं की पत्ता द्यायचाच नाही, म्हणजे नोटीस येणार कुठे. मी सीबीएस बसस्थानकाजवळ बसणाऱ्या आमच्या वकीलसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पटापट सांगितलं: पत्ता लगेच द्या, तो लपवता येत नाही आणि लपवला तर ते तुमच्याच विरुद्ध दिसतं. चॅटमधलं काहीही पुसू नका. कायद्यावर वाद घालू नका. आणि ग्राहक आयोगात जायला बाईंना वकील लागतच नाही, नोटीस पाठवणंही सक्तीचं नाही, त्या स्वतः घरबसल्या तक्रार दाखल करू शकतात, तेव्हा भाऊ खरा आहे की खोटा हे शोधत बसू नका.

मग त्यांनी विचारलं, “मॅडम, पण बाईंची तक्रार काय आहे?”

मला सांगता येईना. मी चॅट पहिल्यापासून वाचलं. पहिल्याच मेसेजमध्ये, सुप्रीम कोर्टाच्या दोन ओळी आधी, लिहिलं होतं: चक्कीला हात लावला की झिणझिण्या येतात, घरात दोन लहान पोरं आहेत.

मी धमकी तपासली होती. तक्रार वाचलीच नव्हती.

ती ओळ मी वकीलसाहेबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “नोटिशीचं मागाहून बघू. आधी ती चक्की बंद करा.”

मी बाईंना फोन लावला. मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा, आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका, एवढं एका दमात सांगितलं. पलीकडून शांत उत्तर आलं, “ते तर पहिल्याच दिवशी केलं ताई. तुम्ही सांगायची वाट बघत बसले असते का मी?” त्यांनी मला सुनावलं होतं, तरी मला बरं वाटलं. पत्ता चॅटवर टाकला, मेकॅनिकला गाडीत घातलं आणि तासाभरात आम्ही त्यांच्या ओसरीवर होतो.

भाऊ खराच वकील होता. जेवणाच्या सुट्टीत निफाड कोर्टातून आला होता, काळा कोट खुर्चीला अडकवलेला. नोटीस लॅपटॉपवर तयार होती. विक्रेत्याचं नाव वर भरलेलं, खाली आमच्या नाव-पत्त्याची जागा अजून रिकामी. त्याने ती मला सरळ वाचायला दिली. चौथ्या परिच्छेदात आमचं तयार उत्तर चारही तारखांसकट उतरवलं होतं. माझ्याच वाक्याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“मी पडतच नव्हतो यात,” तो म्हणाला. “हिला म्हटलं, तुझं तू भांड. काल म्हणाली, ते लोक मला हसत असतील. तेव्हा बसलो लिहायला.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “हसत होता ना?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

“मला वाटलंच. एवढं मोठ्या अक्षरात लिहून पण कोणी घाबरंना.”

मेकॅनिकने चक्की उघडली. मोटरकडे जाणारी एक वायर पत्र्याच्या कडेखाली दबून सोलली गेली होती आणि आतून पत्र्याला टेकत होती. हा दोष आमचा. मग त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती. त्यामुळे गळणारा करंट जमिनीत जाण्याऐवजी चक्कीच्या अंगावर थांबत होता. हा दोष घराचा. भावाने दोन्ही तारांकडे पाहिलं आणि गावातल्या वायरमनला फोन लावला. मी कारखान्याला कळवलं: ही चक्की परत येतेय, उद्या तपासलेली नवी पाठवा, आणि दोष आपला होता हे पत्रात स्पष्ट लिहा. त्याच फोनवर, ही चक्की जोडली त्या महिन्यातल्या बाकीच्या चक्क्यांच्या वायरी तपासायलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नवी चक्की घेऊन मी पुन्हा गेले. अर्थिंग झालं होतं. मेकॅनिकने टेस्टर लावून दाखवला, दिवा लागला नाही. तरी बाईंनी आधी भावाला हात लावायला लावला.

“वकील कशाला असतो मग?” त्या म्हणाल्या.

त्याने लावला. काही झालं नाही. मग त्यांनी बाजरी ओतली, पीठ चिमटीत घेऊन बघितलं आणि मान हलवली. भावाने लॅपटॉप उघडून विचारलं, ही नोटीस आता काढून टाकू का?

“टाकू नको,” त्या म्हणाल्या. “पाठवू पण नको. पंधरा दिवस दळते, मग सांगते.”

मला हे अगदी रास्त वाटलं. मी वही काढून पंधरावा दिवस कोणता येतो ते बघितलं. भाऊही मोबाइलमध्ये तीच तारीख घालत होता.