टोपीखालची कानशिलं

पार्लरवाल्या ताईच्या शब्दाला गिऱ्हाइकांत वजन होतं. केस तुटतात म्हणून कुणी रडत आलं, की ती कपाटातून सॅटिनची टोपी काढायची. टोपी तिनेच शिवलेली. "सुती उशीवर केस घासतात, यात घसरतात. रात्री घालून तर बघा." महागड्या रेशमी अभ्र्याच्या नादी ती कुणाला लागू द्यायची नाही. गुळगुळीतपणा महत्त्वाचा, मग रेशीम असो की साधं सॅटिन.

धाकट्या बहिणीलाही तिने टोपी दिली, शिवाय केस बांधायला सॅटिनची स्क्रंची, म्हणजे कापडाची चुणीदार रबरपट्टी. बहीण हॉटेलच्या स्वागतकक्षात होती. दिवसभर केस मागे ओढून घट्ट अंबाडा, हा तिथला नियमच. अंबाड्यावर स्क्रंची आली आणि टोकांशी तुटलेले आखूड केस खरोखर कमी झाले. ताईचा जीव भांड्यात पडला.

मग एकदा केस विंचरताना बहीण म्हणाली, "ताई, इथे हात लावला तरी दुखतं."

कानशिलाजवळ बारीक पुळ्या होत्या. कंगव्यात लांबच्या लांब केस आले, मुळाशी पांढरा ठिपका असलेले. हे तुटलेले नव्हते, उपटून आलेले होते. तरी ताई म्हणाली, "टोपी सैल पडून केस उशीवर घासत असतील. मी इलॅस्टिक आवळून देते."

तिने आवळून दिलं. महिने गेले. सकाळी टोपी काढली की बहिणीच्या कपाळावर लाल वळ दिसायचा आणि त्याच्या वरची केसांची रेघ मागे सरकत होती. पुळ्या गेल्या, दुखायचंही थांबलं. ताईला वाटलं, उतार पडला. पण एका दुपारी खिडकीपाशी तिने बोट फिरवलं, तर कानशील गुळगुळीत लागलं, चकचकीत दिसलं. केसांची छिद्रंच दिसेनात.

त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"केस सतत ओढल्यामुळे झालंय. मुख्य दोष अंबाड्याचा, घट्ट टोपीनेही थोडा हातभार लावला असेल."

"पण डॉक्टर, सॅटिनने तुटणं थांबलं होतं," ताई म्हणाली.

"घर्षण कमी झालं, की तुटणं कमी होऊ शकतं. त्याचाही माणसांवर फारसा पक्का अभ्यास नाही. पण मुळाशी सॅटिन काही करत नाही. ओढणं चालूच राहिलं. दुखत होतं तेव्हाच घट्ट अंबाडा सोडला असता, तर बहुतेक केस परत आले असते."

"आणि आता?"

"या जागी व्रण धरलाय, इथे केस परत येणार नाहीत. उरलेले वाचवू."

घरी येताना बहीण एवढंच म्हणाली, "मी तुला दुखतंय म्हणून सांगितलं होतं ना?"

ताईने सगळ्या टोप्यांचं इलॅस्टिक उसवलं, सैल नाड्या लावल्या. हॉटेलने अंबाड्यातून सूट दिली, तीही रडतखडत. पुढे बहीण पार्लरमध्ये यायची तेव्हा खुर्चीत बसून केस आपणच मोकळे सोडायची. डावीकडची रेघ मागे सरकायची थांबली होती. उजवीकडची थांबली की नाही, हे अजून दोघींनाही सांगता येत नव्हतं.