विटकरी साडीचा रंग

चित्रीकरणाचे रंग नीट करायच्या माझ्या कामाची मला सगळ्यात जास्त किळस आली ती सुरतेतल्या एका साडीच्या जाहिरातीपायी. साड्यांवर खडे चिकटवणारी नवागामची एक खानदेशी बाईच त्या जाहिरातीत होती. कारखान्यातल्या ट्यूबलाइटमुळे तिचा चेहरा हिरवट आला होता. मी स्कोप, म्हणजे चित्रातले रंग मोजून दाखवणारा आलेख, बघत प्रत्येक शॉटमधली हिरवट झाक काढली, तेव्हा तिचा रंग त्या आलेखातल्या त्वचेच्या रेषेवर नेमका बसला. काळ्या-गोऱ्या सगळ्यांची ती रेषा एकच असते.

शेजारी बसलेला साडीवाला शेठ म्हणाला, "बाईने थोडी गोरी करी नाखो ने, भाई."

"चेहरा बरोबर आहे, शेठ," म्हणत मी रेषा दाखवली. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मी शेपूट घातली. सगळ्या शॉटना एकसारखा रंग देणारा लट, म्हणजे कुठल्या रंगाच्या जागी कुठला रंग द्यायचा याचा तक्ता, मी बदलला आणि तपकिरी छटा फिक्या केल्या. बाई चुना फासल्यासारखी दिसायला लागली. शेठ खूश!

पण गाल कुठला आणि कापड कुठलं, हे तक्त्याला कळत नाही. पुढच्या शॉटमध्ये तिच्या अंगावरची विटकरी साडीही फिकी पडली. शेठ ताडकन उठला. "मारी साडीनो कलर बगाडी नाख्यो!"

मी जुना तक्ता परत लावला. साडीबरोबर बाईचा चेहराही परत आला. शेठने कापडाचा तुकडा स्क्रीनला लावून साडी तीनदा ताडून पाहिली. चेहरा एकदाही नाही.

चेहरा तेवढा वेगळा धरून गोरा करता येतो, हे मी त्याला सांगितलं नाही. माझी मर्दुमकी एवढीच.