आठवड्याचं पीठ

आई गेली तेव्हा मी पालमच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भांडत होते. दादाचा फोन आला. "ताई, निघ... आई गेली." सकाळची कामं उरकून ती जरा टेकली, ती उठलीच नाही. माहेरची, पूर्णेची एसटी येईपर्यंत मी ती जुडी हातात धरून उभी होते. पैसे दिले की नाही, देव जाणे.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. घरात बापू, दादा आणि वहिनी उरले. बापूंची सगळी नोकरी रेल्वेत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. ते ज्या वेळेला घरी येतील त्या वेळेला ताटात गरम भाकरी असे. ती आपोआपच येते अशी त्यांची समजूत होती बहुतेक! बापूंच्या दाढा पडल्यावर त्यांची भाकरी पातळ आणि पदराची झाली, दादाची मात्र कडक, खरपूसच राहिली. हे कधी कोणी सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही. वहिनी शाळेत शिकवते. स्वयंपाकातलं बाकी सगळं ती करायची, पण भाकरीचं काम आईनं कुणाला दिलं नाही.

महिना होत आला आणि वहिनीचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, मला आता वेगळं राहू द्या. बापू रोज ताटावरून उठायलेत."

मी तशीच गेले. जेवणाच्या वेळेला पोचले. वहिनी परातीपाशी बसलेली, कपाळाला पीठ लागलेलं. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरायची, उचलली की मधोमध तुटायची. तव्यावर तुकडेच पडायचे. बापू बाहेरून म्हणाले, "हातच बसंना हिचा. मन लावून करंना झालीय." वहिनीनं तवा खाली उतरवला आणि आत निघून गेली. दादा तव्यावरचे तुकडे ताटात गोळा करायला लागला. या घरात आता दोन चुली होणार, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं.

मी पीठ मळून बघितलं. हातात भुसभुशीत लागत होतं. उकळत्या पाण्यानं उकड काढली, तरी तेच. डब्याचं झाकण उघडलं तर कुबट वास.

"दादा, हे कधी दळलं?"

"आई गेल्यावर. सगळं पोतंच दळून आणलं की! हिची शाळा, माझी ड्युटी... दर आठवड्याला गिरणीत कोण जाणार?"

काय बोलावं या माणसाला! बायकोचा त्रास वाचावा म्हणून केलं बिचाऱ्यानं. पण ज्वारीच्या पिठाची विरी जाते. आठ-दहा दिवस ते धरून राहतं, मग कितीही मळा, चिकटत नाही. म्हणून आई आठवड्यापुरतीच ज्वारी काढायची. सुपात पाखडायची, खडे वेचायची, लहान डबा कडेवर घेऊन गिरणीत जायची. आल्यावर गरम पीठ कागदावर पसरायची. गार झाल्याशिवाय झाकण नाही. पोत्यातल्या ज्वारीत कडुनिंबाचा पाला असायचा, अधूनमधून ती ज्वारी गच्चीवर उन्हाला पडायची. आणि आम्ही सगळे काय म्हणायचो? आईला गिरणीतल्या गप्पा लय आवडतात.

शेजारच्या काकूंकडून लहान डबाभर ज्वारी उसनी आणली, मीच दळून आणली. वहिनीला हाताला धरून परातीपाशी बसवलं. "तुझा दोष नाही गं. पीठ मेलंय." तिनं कोमट पाण्यात मळलं, तळव्यानं रगडलं, थापलं. भाकरी सरसर फिरली. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटून निखाऱ्यावर धरली तशी टम्म फुगली. वहिनी हसली आणि लगेच रडायला लागली.

बापूंना ताट वाढलं. त्यांनी पापुद्रा मोडला, खाल्ला. "पोरी, चांगली झाली गं भाकर," ते वहिनीला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुझ्या आईला एकदाबी म्हणलो न्हाई..."

वेगळं राहण्याची गोष्ट तिथंच मिटली. आता दर रविवारी दादा गिरणीत जातो. घर चाललंय. पण त्या घरात पाऊल टाकलं की मला फार एकटं वाटतं. सगळं जागच्या जागी असतं, आणि ते ठेवणारी नसते.

परवा गेले होते. बापू जेवायला बसले. अजून भाकरी तव्यावरच होती, ताट रिकामं होतं. तरी ते स्वयंपाकघराकडं बघून म्हणाले, "चांगली झाली हां."

मी वहिनीकडं बघितलं. ती भाकरी उलटता उलटता हळूच म्हणाली, "रोज म्हणतात, ताई. मला न्हाई म्हणत ते."